हनुवटीखालची रेघ

गणपती तोंडावर आले, म्हणजे आपल्या मंडळाचं नाटकही तोंडावर आलं. आठवडाभर मी कंपन्यांची सॉफ्टवेअरं मार्गी लावते, पण नाटकाच्या दिवशी माझ्या हातात स्पंज असतो. आज बोलायचं आहे ते चेहऱ्याला लावलेला बेस गळ्यात कसा मिसळायचा, याबद्दल.

आधी माझीच चूक सांगते. एका वर्षी आमच्या नाटकातल्या वहिनींना मी त्यांच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ बेस लावला. त्याच म्हणाल्या होत्या, "जरा गोरी दिसू दे गं." आरशात छान दिसलं. नंतर पुण्याहून त्यांच्या सासूबाईंनी व्हिडिओ पाहिला आणि फोनवर विचारलं, "मुखवटा घातला होतास का?" जबड्याच्या कडेला रेघ होती, वर एक बाई आणि खाली दुसरी. वहिनी हसल्या, पण पुढच्या वर्षी नाटकात यायला तयार होईनात.

ती रेघ मिसळण्यात राहिली, असं मला आधी वाटलं. खरं तर ती छटा निवडतानाच पडली होती. रंग चुकीचा असेल तर कितीही घासा, रेघ फक्त खाली सरकते, जबड्यावरून ब्लाउजच्या गळ्यापाशी जाते.

म्हणून छटा गळ्यावरून ठरवा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा चेहरा उन्हाने गळ्यापेक्षा सावळा झालेला असतो, काहींचा गळाच सावळा असतो. हाताच्या मनगटावर रंग लावून पाहण्यात अर्थ नाही. तीन जवळच्या छटा घ्या आणि गालाच्या खालच्या भागापासून जबड्यावरून गळ्यापर्यंत तीन बारीक पट्टे ओढा. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उभे राहा. दहा मिनिटं थांबा, कारण काही बेस वाळल्यावर गडद होतात. जो पट्टा दिसेनासा होतो, तो तुमचा. राखट दिसला किंवा गुलाबी उठून दिसला तर छटा नव्हे, रंगाचा कल चुकला आहे. मग तितकीच उजळ पण जरा पिवळसर झाक असलेली बाटली पाहा.

आता लावायची पद्धत. कपडे आधी घाला आणि गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळा, नाहीतर काठाला डाग पडतो. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं मुरू द्या. बेस नाक आणि गालांच्या मधोमध ठेवा आणि बाहेरच्या बाजूला पसरवत न्या. जबड्याच्या एक बोट आधी थांबा. नवा बेस घेऊ नका. आधीच ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजवर जे उरलं आहे तेवढ्यानेच जबड्यावरून खाली, दोन-तीन बोटं गळ्यावर, हलके हलके थोपटत या. घासू नका, घासलं की बेस पुढे ढकलला जातो आणि कडेला साठतो. कान आणि कानामागचा भाग विसरू नका. अंबाडा घातल्यावर तोच आधी दिसतो. शेवटी एकच पावडर चेहऱ्यावर आणि गळ्यावर फिरवा, म्हणजे चमक दोन्हीकडे सारखी राहते.

गळ्यावर जाड थर देऊ नका. घाम आला की तो वळ्यांमध्ये गोळा होतो, आणि मग एका रेघेऐवजी अनेक आडव्या रेघा दिसतात.

तपासायचं कसं? मान वर करा, एका बाजूला वळवा, आणि दुसऱ्या कोणाला तरी फ्लॅश लावून फोटो काढायला सांगा. फ्लॅशमध्ये चेहरा पांढरट आला आणि गळा नेहमीसारखा, तर बहुधा सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचा परिणाम असतो. तसं असेल तर त्या दिवशी असा बेस टाळा. नुसती कडेची रेघ दिसली तर वर आणखी बेस थापू नका. कोरा ओला स्पंज त्या कडेवर थोपटा, जादाचा रंग तो उचलून घेतो.

त्या वहिनींना मी पुढच्या वर्षी बरंच मनवून बसवलं. त्यांच्या गळ्याच्या छटेचा बेस घेतला, चेहऱ्यावर पातळ, गळ्यावर स्पंजवर उरलेला. त्या आरशात पाहून म्हणाल्या, "काहीच लावलं नाहीस की!" मला तेच हवं होतं. या वेळी सासूबाईंचा फोन आला तो नाटकातल्या भांडणाबद्दल, चेहऱ्याबद्दल नाही.

तर मंडळी, पट्टे ओढायला तालमीच्या दिवशीच बसा, प्रयोगाच्या संध्याकाळी नाही. तेव्हा दिवसाचा उजेड गेलेला असतो.