पाकाची साखर का होते?

आम्ही उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या बचत गटांचं काम पाहतो. आज आम्ही आमच्या फसलेल्या चिक्कीची हकिगत सांगणार आहोत आणि तिच्यावरून पाकाबद्दल बोलणार आहोत.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा भरते. उपवासाला शेंगदाण्याची चिक्की चालते, म्हणून बदलापूरकडच्या आमच्या एका गटाने जत्रेसाठी चिक्की करायची ठरवली. गुळाची सगळेच करतात, आपण साखरेची पांढरट, काचेसारखी चिक्की करू, असा विचार होता. इथल्या गिऱ्हाइकाने लोणावळ्याची चिक्की खाल्लेली असते. तो तुकडा मोडताना टक्‌ असा आवाज ऐकतो, मग पैसे काढतो. आमच्या चिक्कीचा आवाज आलाच नाही. लाटतानाच ती निस्तेज दिसायला लागली, सकाळी पाहिलं तर पांढरी पडलेली, आणि हातात घेतली की भुगा. दोन किलो साखर आणि तेवढेच शेंगदाणे. पाकाची परत साखर झाली होती.

बायका म्हणाल्या, साखरच खराब होती. एक काकू म्हणाल्या, नजर लागली. आम्ही सगळ्यांना बसवून काय काय केलं ते पहिल्यापासून विचारलं. गॅस वाचावा म्हणून दोन किलो साखरेला दोनच वाट्या पाणी घातलं होतं. पाक उकळेपर्यंत आणि उकळल्यावरही कालथा सतत फिरत होता. कढईच्या कडेला वाळलेली साखर खरवडून पुन्हा आत ढकलली होती. लिंबू घातलं नव्हतं. यातली एकेक गोष्ट एरवी खपून गेली असती, इथे चारही एकत्र आल्या.

आता हे होतं का, ते बघू. पाक म्हणजे थोड्या पाण्यात दाटीवाटीने विरघळलेली साखर. पाणी आटत जातं तशी दाटी वाढते, आणि साखरेला पुन्हा दाणा व्हायचं असतं. तिला फक्त सुरुवात लागते. विरजणाचं कसं, चमचाभर दही घातलं की भांडंभर दूध लागतं. तसाच न विरघळलेला एक दाणा, किंवा कडेवरून पडलेला एक खडा पाकात गेला की त्याच्यावर साखर बसत जाते आणि बघता बघता सगळा पाक गढूळ होतो. ढवळण्यानेही हेच होतं, कारण हलवलं की साखरेचे कण एकमेकांवर आदळून दाणा धरतात. नारळाच्या वडीला आपण हे मुद्दाम करतो. शेवटी घोटतो, कारण वडी साखर धरून घट्ट व्हायला हवी असते. संक्रांतीच्या हलव्याला काटा येतो तोही साखरेचा दाणा बसूनच. वडीचा हात चिक्कीला लावला की फसलोच.

म्हणून पहिली गोष्ट पाण्याची. किलोभर साखरेला आम्ही आता चारशे मिली, म्हणजे पाव लिटरची दीड मापं आणि वर थोडं, एवढं पाणी घेतो. जास्तीचं पाणी शेवटी आटूनच जातं, गॅस थोडा जास्त जळतो इतकंच. मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत खुशाल ढवळायचं. कालथ्याने तळाशी चाचपून बघायचं, करकर लागली तर अजून दाणा आहे. करकर गेली की कालथा बाहेर काढून धुवून ठेवायचा आणि मग आच वाढवायची. उकळी आल्यावर ढवळायचं नाही. हे बायकांना जमत नाही, हात शिवशिवतो. आमच्या गटात तर कालथा लपवून ठेवावा लागला.

कढईच्या कडेचं औषध आम्हाला उल्हासनगरच्या एका भाभींनी शिकवलं. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं गाव. तिथे होळीला घीयर करतात, दिसायला मोठ्या जिलबीसारखं, आणि त्यालाही पाक लागतो. भाभी उकळी आल्यावर कढईवर दोन-तीन मिनिटं झाकण ठेवतात. वाफ झाकणाला लागून पाणी होतं आणि कडेवरून खाली ओघळतं, त्याच्याबरोबर चिकटलेली साखर धुऊन निघते. झाकण काढल्यावरही कडेला पांढरं दिसलं तर स्वच्छ ओल्या फडक्याचा बोळा चिमट्यात धरून कड पुसून घ्यायची. हात भाजू देऊ नका, पाकाचं भाजणं पाण्यापेक्षा वाईट, तो कातडीला चिकटून बसतो.

आता लिंबू. एकसारख्या विटा असल्या की भिंत झटपट चढते. मध्येच वेगळ्या मापाच्या विटा मिसळल्या तर थर जुळत नाही. लिंबाच्या आंबटपणाने पाक उकळताना थोडी साखर तुटते आणि तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी दोन लहान जातीची साखर होते. ती वेगळ्या मापाची वीट. ती मध्ये आली की दाणा सहज बांधला जात नाही. किलोभर साखरेला एक लहान चमचा लिंबाचा रस पुरतो, आणि तो साखर विरघळल्यावर उकळीच्या सुरुवातीला घालायचा, म्हणजे त्याला काम करायला वेळ मिळतो. जास्त घातला तर चिक्की ओलसर राहते आणि कागदाला चिकटते. रसाऐवजी मिठाईच्या सामानाच्या दुकानात मिळणारं पातळ ग्लुकोज दोन मोठे चमचे घातलं तरी तेच काम होतं. गुळाच्या चिक्कीला मात्र लिंबू नको. गुळात ही लहान साखर मुळातच असते, म्हणून गुळाचा पाक साखरेइतका दगा देत नाही. आपल्या आजीने चिक्की गुळाचीच केली, त्यामागे हेही असेल.

आता तार कशी बघायची. इथे चुका होतात त्या घाईने. उकळता पाक पळीवरून पातळच दिसतो, म्हणून आपण अजून आटवतो आणि गार झाल्यावर तो पुढे गेलेला असतो. तेव्हा आधी आच अगदी मंद करा, नाहीतर तुम्ही तार बघेपर्यंत कढईतला पाक पुढे जातो. धुतलेल्या कोरड्या चमच्याने दोन थेंब ताटलीत काढा, बोटाला सोसेल इतके निवू द्या. मग अंगठा आणि तर्जनी यांत थेंब धरून बोटं सावकाश लांब करा. नुसता चिकटपणा लागला, तार निघून लगेच तुटली, तर अजून वेळ आहे. एक तार निघाली, अर्धा इंच ताणली आणि मग तुटली, तो एकतारी. दोन तारा निघू लागल्या की दोनतारी.

जिलबीला एकतारीच हवा. किलोभर साखरेला अर्धा लिटर पाणी आणि चमचाभर लिंबू. पाक कोमट असावा, जिलबी गरम असावी, आणि ती अर्ध्या-एक मिनिटात बाहेर यावी. गंमत अशी की पहिला घाणा छान उतरतो आणि शेवटच्या घाण्यावर दुसऱ्या दिवशी पांढरी साखर चढते. बायका पिठाला दोष देतात. खरं म्हणजे पाक तासभर मंद आचेवर बसून एकतारीचा दोनतारी झालेला असतो. म्हणून दर दोन-तीन घाण्यांनी तार बघायची, पुढे गेली असेल तर दोन-तीन चमचे कढत पाणी घालून पाक सारखा करायचा. गार पाणी घालू नका.

चिक्कीला तार बघून उपयोग नाही, चिक्कीचा पाक तारेच्या बराच पुढे जावा लागतो. तिथे वाटीभर गार पाणी घ्यायचं आणि त्यात पाकाचा थेंब टाकायचा. आधी त्याची मऊ गोळी होते, दाबली की चपटते. पुढे ती घट्ट होते, पण चावली की दाताला चिकटते. इथेच बायका उतरवतात आणि चिक्की चिवट होते. अजून थोडा वेळ थांबलं की थेंब पाण्यात पडतानाच कडक होतो, काढून मोडला की टक्‌ आवाज येतो आणि दाताला अजिबात चिकटत नाही. तोच चिक्कीचा पाक. नेहमी ऑर्डर घेणाऱ्या गटाने पाकाचा थर्मामीटर घ्यावा. एकतारी साधारण 105 अंशांच्या आसपास असतो आणि साखरेची चिक्की 150 च्या जवळ. शेवटचा टप्पा झपाट्याने येतो, आणि रंग सोनेरीचा तपकिरी होऊ लागला की कडूपणा यायला वेळ लागत नाही, तेव्हा कढईजवळून हलू नका.

जत्रेच्या आधी चार दिवस आम्ही हे सगळं धरून पुन्हा केली. एका वेळी किलोचाच घाणा. शेंगदाणे भाजून, सालं काढून, पाखडून, कढई उतरवायच्या वेळी पुन्हा किंचित गरम केलेले. गार दाणे घातले की पाक जागेवरच गोठतो, मग आपण जोरात ढवळतो, आणि मघाशी सांगितलं तेच. गॅस बंद, दाणे आत, चार-पाच वेढे, की लगेच तूप लावलेल्या ओट्यावर. लाटणंही तुपाचं. गरम असतानाच सुरीने रेघा. पहिला घाणा दाताला जरा चिकटला, दुसरा टक्‌ मोडला. पूर्ण गार झाल्यावर लगेच हवाबंद डब्यात भरली, कारण हवेतली ओल लागली की ती चिकट होते.

पाक नुसता असताना साखर झाली, तर टाकू नका. वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सगळा दाणा विरघळवा, लिंबू घाला आणि पहिल्यापासून करा. दाणे घातल्यावर झाली तर पाक परत होत नाही. आमचा तो पहिला भुगा आम्ही मिक्सरला जाडसर फिरवला, त्यात भाजलेल्या दाण्याचा थोडा कूट आणि चमचाभर तूप घालून लाडू वळले. जत्रेत ते चिक्कीच्या आधी संपले.