गुंड उचलल्यानं गर्भ पडत नाही

(नागपुरातल्या एका बुद्धविहारात महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम केलं. आज पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपाताबद्दल बोलायचं आहे. या विषयावर बायका कुजबुजत बोलतात, आणि ती कुजबुज बहुतेक वेळा एकाच प्रश्नाची असते: "मॅडम, माझ्याकडून काय चुकलं?"

सुरुवात शब्दापासूनच करते. मराठीत 'गर्भ पडला' आणि 'गर्भ पाडला' यांत एका कान्याचा फरक आहे, पण सासरी त्या कान्यावरून घर पेटतं. त्यात आम्ही डॉक्टर मंडळी भर घालतो. आपोआप झालेल्या गर्भपाताच्या कागदावर आम्ही 'इनकम्प्लीट अबॉर्शन' किंवा 'मिस्ड अबॉर्शन' लिहितो. घरातला शिकलेला दीर तो कागद वाचतो, त्याला 'अबॉर्शन' एवढंच कळतं, आणि सगळ्यांना वाटतं की बाईनंच काहीतरी केलं. 'इनकम्प्लीट' म्हणजे गर्भ आपोआप पडायला लागला पण पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही. 'मिस्ड' म्हणजे गर्भाची वाढ आत थांबली, पण अजून बाहेर आलेला नाही. दोन्ही शब्दांत बाईनं काही केल्याचा अर्थ नाही. तो कागद घरी कुणी वाचला तर हे सांगा.

आता एका पोरीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. वय सव्वीस, चार घरची धुणीभांडी करणारी, पहिलं मूल पाच वर्षांचं. सोमवारी सकाळी ओपीडीत आली, सोबत सासूबाई. शुक्रवारी नळाला पाणी उशिरा आलं म्हणून तिनं दोन गुंड भरून माळ्यावर नेले होते. रविवारी रक्ताचे डाग दिसले. सासूबाईंनी बसायच्या आधीच मला सांगितलं, "म्या म्हटलं होतं हिला, नको उचलू." पोरगी खाली बघत होती.

मी आधी तारखा मांडल्या. तिची पाळी महिन्याच्या महिन्याला नेमकी यायची. पाळी चुकून आठवडा झाला तेव्हा आशाताईंनी निश्चय किटवर लघवी तपासली, दोन रेषा आल्या. म्हणजे त्या दिवशी पाच आठवडे झाले होते, कारण आपण गर्भारपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. त्या तपासणीला आता चार आठवडे आणि तीन दिवस झाले होते. म्हणून माझ्यासमोर बसली तेव्हा नऊ आठवडे उलटले होते, आणि गुंड उचलला त्या शुक्रवारी बरोबर नऊ.

मग आतून सोनोग्राफी केली. नऊ आठवड्यांचा गर्भ साधारण तेवीस मिलिमीटर लांब असतो आणि त्याचे ठोके स्पष्ट दिसतात. हिचा गर्भ नऊ मिलिमीटरचा होता. ठोके नव्हते. एवढी लांबी सातव्या आठवड्याच्या सुमाराला असते. सात मिलिमीटर किंवा जास्त लांबीच्या गर्भात ठोके नसतील तर वाढ थांबली असं आम्ही धरतो. लांबी त्याहून कमी असेल तर घाई करायची नसते, आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं असतं. तुम्हाला कुणी अगदी लहान गर्भ बघून लगेच 'पिशवी साफ करू' म्हटलं, आणि रक्तस्राव फार नसेल, तर पुन्हा सोनोग्राफी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हिच्या बाबतीत शंका नव्हती, तरी मी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं.

म्हणजे हिशोब काय झाला? वाढ थांबली सातव्या आठवड्यात आणि गुंड उचलला नवव्यात. मधे दोन आठवडे गेले. तारखेत आठवड्याची चूक धरली तरी गुंड नंतरचाच ठरतो. मी सासूबाईंना पडद्यावर ते माप दाखवलं आणि म्हटलं, "आजी, हिनं पाणी भरलं तेव्हा सगळं आधीच थांबलं होतं."

वाढ थांबल्यावर रक्त लगेच जात नाही. गर्भाभोवतालच्या वारेच्या पेशी काही दिवस संप्रेरकं सोडत राहतात, ती हळूहळू कमी होतात आणि मग पिशवीचं अस्तर सुटायला लागतं. कधी आठवडा जातो, कधी तीन. म्हणून रक्त दिसलं की आपण मागचे दोन दिवस आठवतो, आणि त्या दोन दिवसांत काहीतरी सापडतंच. गुंड नाही तर बसचा धक्का, पपई, नवऱ्याशी भांडण, शरीरसंबंध, माहेरच्या मयताला जाऊन केलेलं रडणं. कुणाची नजर आणि कुणाची सावलीसुद्धा सापडते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कंबरेच्या हाडांच्या कडीत खोल बसलेलं असतं. रोजचं वाकणं, उचलणं, जिने चढणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. रोजचा ताण, राग, रडणं यांनी चांगला वाढणारा गर्भ पडत नाही. जेवणात खाल्लेल्या पिकलेल्या पपईनंही नाही.

मग वाढ थांबते कशानं? पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी-जास्त गर्भपातांत कारण गुणसूत्रांतली चूक असतं. आपल्या प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, तेवीस आईकडून आणि तेवीस बापाकडून. स्त्रीबीज तयार होताना किंवा गर्भ सुरुवातीला विभागताना कधी एखादं गुणसूत्र जास्तीचं जातं, कधी एखादं कमी पडतं. सोळाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन होणं ही त्यातली नेहमी सापडणारी चूक. असा गर्भ काही आठवडे वाढतो आणि थांबतो. ही चूक बहुतेक वेळा गर्भ राहतानाच झालेली असते, बाईला पाळी चुकल्याचं कळायच्याही आधी. वयाबरोबर ती वाढते, कारण बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊन थांबलेली असतात. चाळिशीतली बीजं चाळीस वर्षं थांबलेली असतात. म्हणून पोटात राहिल्याचं कळलेल्या गर्भारपणांपैकी दहातलं एक किंवा थोडी जास्त पडतात, आणि चाळिशीनंतर प्रमाण कितीतरी वर जातं.

सगळंच नशिबावर सोडलं असंही मी म्हणणार नाही. विडी-सिगारेट, दारू, आटोक्यात नसलेली साखर, उपचार न झालेला थायरॉइडचा आजार, मलेरियासारखा मोठा ताप यांनी धोका वाढतो. आपल्या भागात सिकलसेल आहे. ज्या बाईला 'एसएस' आजार आहे तिनं पाळी चुकताच दवाखान्यात यावं, तिचं गर्भारपण जोखमीचं असतं. 'एएस' म्हणजे नुसती वाहक असलेल्या बाईला गर्भपाताचा दोष देऊ नका. दिवसभर जड ओझी वाहणं आणि सततची रात्रपाळी यांनी धोका थोडा वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. विटाभट्टीवरच्या बाईला हलकं काम मिळायला पाहिजे, तो तिचा हक्क आहे. पण ते न दिल्याचा जाब मुकादमाला विचारायचा, तिला नाही.

त्या पोरीसमोर तीन वाटा होत्या: आपोआप पडेपर्यंत दोनेक आठवडे वाट बघणं, गोळ्या घेणं, किंवा नळीनं ओढून पिशवी रिकामी करणं. आपल्याकडे सगळे सरळ 'क्युरेटिंग' म्हणतात आणि खरवडायला लावतात. आता खरवडण्याऐवजी ओढून काढणं सुरक्षित मानलं जातं, आणि पुष्कळ बायकांना त्याचीही गरज पडत नाही. तिनं गोळ्या निवडल्या. मी रक्तगट बघितला, कारण निगेटिव्ह असेल तर 'अँटी-डी' इंजेक्शन लागणार का हे ठरवावं लागतं. तिचा बी पॉझिटिव्ह होता.

घरी पाठवताना तिला जे सांगितलं ते तुम्हीही नीट ऐका. पाळीपेक्षा जास्त रक्त जाईल, कळा येतील, गाठी पडतील, ते अपेक्षित आहे. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि असं सलग दोन तास चाललं, तर सकाळची वाट बघायची नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप-थंडी भरली, किंवा स्रावाला घाण वास आला, तरी लगेच १०८ ला फोन करायचा.

दुसरी एक खूण मी प्रत्येक बाईला सांगते, कारण ती चुकली तर जीव जातो. पाळी चुकलेली आहे, सोनोग्राफी झालेली नाही, आणि पोटात एका बाजूला दुखतंय, खांद्याच्या टोकाला कळ येतेय किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर गर्भ पिशवीत नसून नळीत असू शकतो. अशा वेळी रक्ताचा नुसता डाग दिसतो आणि खरा रक्तस्राव पोटाच्या आत चालू असतो. डाग थोडा आहे म्हणून घरी थांबू नका.

आणि प्रत्येक डाग म्हणजे गर्भपात नाही. सुरुवातीच्या महिन्यांत चारातल्या एका बाईला थोडंफार रक्त दिसतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं गर्भारपण पुढे नीट चालतं. तपासून घ्यायचं. खाटेवर झोपून राहिल्यानं पडणारा गर्भ थांबतो याचा पुरावा नाही, आणि हातावर पोट असलेल्या बाईला तो सल्ला परवडतही नाही.

ती पोरगी दोन आठवड्यांनी आली, पिशवी रिकामी झाली होती. आपोआप एकदा गर्भ पडला तर पुढच्या वेळी बहुतेक बायकांना नीट मूल होतं. दोन-तीनदा झालं तर तपासण्या करतो: थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार, आणि रक्तात गुठळ्या करणारा एक आजार, ज्यावर उपचार आहे. पोरगी बाहेर गेल्यावर सासूबाई मागे थांबल्या. म्हणाल्या, "माय, माझाबी एक गेला होता. म्या इटा वाहत होतो. आतालोक मला वाटे इटांनीच गेला." तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या तारखा आता कुणाला सांगता येणार नव्हत्या, तरी मी त्यांना खुर्चीवर बसवून गुणसूत्रांचं सगळं पुन्हा सांगितलं.

आता मागच्या ओळीतल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "कामावर कधी जायचं?" शरीरापुरतं बोलायचं तर रक्त कमी झालं आणि अशक्तपणा नसेल की आठवड्याभरात जाता येतं. हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या, आपल्यातल्या बऱ्याच जणींचं आधीच कमी असतं. रजेचं विचाराल तर कायद्यात गर्भपात झालेल्या बाईला सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद केली आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. कारखान्यात, शाळेत, दुकानाच्या नोंदणीकृत नोकरीत असाल तर तो मागून घ्या, लाजू नका. त्या पोरीला चार घरांतून एकाही दिवसाचा पगार मिळाला नाही. चौथ्या दिवशी ती कामावर होती.