खोलीचा नाद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे काम हाती घेतले, आणि त्या मुद्रणांच्या संकलनाची जबाबदारी माझ्याकडे आली. सरकारी नोकरीत खात्याच्या प्रशिक्षणपटांच्या निमित्ताने या विद्येशी माझा बऱ्याच वर्षांचा परिचय आहे. तिच्यातील एकाच गोष्टीविषयी आज बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे शांतता.

आपण ज्याला शांतता म्हणतो, ती खरोखर निःशब्द नसते. या सभागृहात मी क्षणभर थांबलो, तर पंख्याची घरघर, नळीदिव्याच्या चोकची गुणगुण आणि बाहेरच्या रहदारीची दूरची लाट ऐकू येईल. प्रत्येक खोलीचा असा स्वतःचा नाद असतो. ध्वनिमुद्रक त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. एरवी तो आपल्या लक्षातही येत नाही. मात्र तो अकस्मात नाहीसा झाला, की कान तत्क्षणी दचकतो. संकलनात नेमके हेच घडते. बोलण्याच्या मधला खोकला आपण पुसून टाकतो आणि त्या जागी काहीच ठेवत नाही. त्या दोन सेकंदांत खोकल्याबरोबर सारी खोलीच नाहीशी होते, आणि ऐकणाऱ्याला यंत्र बंद पडल्याचा भास होतो.

यावरचा उपाय मुद्रणाच्या दिवशीच करावा लागतो. मुलाखत संपली, की सर्वांनी जागच्या जागी एक मिनिट स्तब्ध बसावे. मायक्रोफोन हलवू नये, मुद्रणाची पातळी बदलू नये, पंखा बंद करू नये आणि कोणी उठून बाहेर जाऊ नये, कारण माणसांच्या असण्यानेही खोलीचा नाद बदलतो. त्या एका मिनिटात काहीच न बोलता जे मुद्रित होते, ते संकलकाचे ठिगळाचे कापड.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुष्कळ कॅमेरे आणि मोबाइल फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतात. बोलणे थांबले, की यंत्राला वाटते आवाज कमी झाला, आणि ते पातळी वाढवते. मग पंख्याची घरघर हळूहळू फुगत जाते आणि पुढचा शब्द उच्चारताच एकदम खाली बसते. असा फुगलेला नाद शब्दांमागच्या नादाशी जुळत नाही. म्हणून शक्य असेल तेथे ही स्वयंचलित सोय बंद ठेवून पातळी हाताने ठरवावी.

आता प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. आपल्या एका आजींची मुलाखत दिल्लीत त्यांच्या घरी दोन दिवशी घेतली गेली. पहिला दिवस मे महिन्यातला होता. पंखा चालू, खिडकी उघडी. दुसरा दिवस जानेवारीतला. पंखा बंद आणि खिडक्या घट्ट लावलेल्या. लग्नानंतर दिल्लीला येण्याची हकीकत त्यांनी मे महिन्यात सांगितली, आणि पहिल्या बिऱ्हाडाचे वर्णन जानेवारीत. चित्रफितीत ही दोन्ही निवेदने लागोपाठ हवी होती. नुसती जोडली, तेव्हा वाक्याच्या मध्यावर कोणी पंख्याचे बटण बंद केल्यासारखे वाटू लागले.

प्रथम मे महिन्याच्या निवेदनातले खोकले आणि टेलिफोनची घंटा काढली, आणि त्या जागी त्याच दिवशीच्या नादाचे तुकडे बसवले. तुकडा रिकाम्या जागेपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा लांब घ्यावा आणि मूळ आवाज मावळत असता तो उगवेल, असा सांधा करावा. काही हौशी संकलक हा नाद संपूर्ण निवेदनाखाली अंथरतात. तसे केले, तर शब्दांमागे मूळचा नाद आणि वरून घातलेला नाद मिळून घरघर सुमारे ३ डेसिबलने वाढते, आणि ठिगळापेक्षा वस्त्रच जाड होते. जेथे भोक पडले, तेथेच भरावे.

पुढे जानेवारीचा सांधा. मे महिन्यातला पंखा यंत्राने पुसून टाकावा, हा मोह येथे होतो. परंतु पंख्याच्या आवाजाचा बराचसा भाग मनुष्यवाणीच्याच पट्ट्यात असतो. तो जोराने पुसला, तर आजींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून उलट केले. मे महिन्याचा पंखा जानेवारीच्या पहिल्या वाक्यांखाली तसाच चालू ठेवला आणि दहा सेकंदांत, त्या बोलत असतानाच, हळूहळू विरवला. अचानक झालेला बदल कानाला बोचतो. शब्दांच्या आड संथपणे झालेला बदल त्याच्या ध्यानातही येत नाही.

खोलीचा नाद मुद्रित करायचा राहिलाच असेल, तर वाक्यांमधल्या विरामांतून तो वेचता येतो. पण अर्ध्या सेकंदाचा तुकडा पुनःपुन्हा जोडला, की त्याला चरख्यासारखा ताल येतो. त्यात एखाद्या चिमणीचा आवाज असला, तर ती चिमणी ठराविक वेळाने बोलू लागते. असे तुकडे निरनिराळ्या विरामांतून घ्यावेत आणि त्यांत श्वास किंवा शब्दाचा शेवटचा घुमारा राहिला नाही ना, हे पाहावे.

चित्रपटात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. आपल्याकडे कित्येक वर्षे संवाद नंतर स्टुडिओत भरण्याची प्रथा होती. चित्रीकरणाच्या वेळचे संवाद अंतिम ध्वनिपटात राहत नसत, म्हणून पावले, बांगड्या, भांडी, वारा, सारे नव्याने रचावे लागे. २००१ साली ‘लगान’मध्ये संवाद चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केले, याची त्यामुळेच इतकी चर्चा झाली. पडद्याकडे पाहत पावलांचे आणि वस्त्रांचे आवाज काढणाऱ्या कलेला ‘फोली’ म्हणतात. हे नाव युनिव्हर्सल स्टुडिओतील जॅक फोली यांच्यावरून पडले.

आपल्या चित्रफितीत असा ध्वनी एकाच ठिकाणी घातला. आजी चहा ओतत असल्याचे दृश्य दुरून घेतले होते, त्यात कपाचा आवाज पोचलाच नव्हता. तो त्याच खोलीत, त्याच कपबशीने पुन्हा मुद्रित केला. दुसऱ्या खोलीत केला असता, तर त्याचा घुमारा वेगळा आला असता आणि चहा भलत्याच घरात ओतला जातो आहे असे वाटले असते. कोकिळेची एक तान घालावी, अशी सूचना एका मित्रांनी केली. ती मी नम्रपणे नाकारली, कारण त्या दिवशी कोकिळा बोलली नव्हती. कथापटात ती खुशाल बोलावी, साक्षीत नाही.

आणि म्हणूनच शेवटचा मुद्दा. या मुलाखतीत एके ठिकाणी आजी अकरा सेकंद गप्प राहिल्या. वडील गेल्याची तार दिल्लीला पोचली, तोवर सर्व आटोपले होते, हे सांगण्यापूर्वीची ती स्तब्धता होती. तंत्राच्या दृष्टीने ती एका सेकंदावर आणणे सहज शक्य होते. वरून नाद बसवला असता, तर सांधा कोणालाही कळला नसता. परंतु तो कळला नसता, हेच मला भयावह वाटले. खोकला हा अडथळा असतो. हे मौन निवेदनाचा भाग होते. ते अकराही सेकंद तसेच ठेवले आहेत. त्यांत पंखा ऐकू येतो, खिडकीखालून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाक ऐकू येते, आणि मग आजी बोलू लागतात.

आपण घरोघरी वडीलधाऱ्यांचे आवाज मुद्रित करीत आहात. मूळ मुद्रण न कापता जपून ठेवावे आणि कापाकापी प्रतीवर करावी. तयार झालेली फीत एकदा डोळे मिटून, कानयंत्र लावून ऐकावी. जेथे ‘काहीतरी बदलले’ असे वाटेल, तेथे सांधा उघडा आहे असे समजावे. आणि मुलाखत संपल्यावर त्या खोलीसाठी एक मिनिट अवश्य मागून घ्यावे. घर बदलले, की तो नाद पुन्हा मिळत नाही.