कच्चं अंडं, कच्चे मोड



आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे धावून आला की ग्लासभर दुधात दोन कच्ची अंडी फेटून प्यायचा. वर वाटीभर कच्ची मोडाची मटकी. एक दिवस ताप, पोटात मुरडा, जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी आधी विचारलं, "दोन-तीन दिवसांत कच्चं काय खाल्लं?" नेमकं कशानं झालं ते कळलं नाही, पण त्या बैठकीत आम्ही याच दोन गोष्टींवर बोललो.

अंड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते कवचावर असतात, कधी कधी कोंबडीच्या पोटातूनच अंड्याच्या आतही येतात. म्हणून अंडं धुतलं, घरच्या कोंबडीचं असलं, तरी खात्री नाही. वासही येत नाही. गरम दूध ओतल्यानंही काम होत नाही, कारण अंडं पडताच दूध निवतं.

मग करायचं काय? अंडं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिवळं बलक घट्ट झालं पाहिजे. दूध-केळं वेगळं प्या. अंड्याचं दूधच हवं असेल, तर कपभर थंड दुधात एक अंडं फेटा, मंद आचेवर सारखं हलवत राहा. दूध दाट होऊन चमच्याला लेप धरू लागलं की उतरवा. शिवाय शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा जास्त अंगी लागतात.

आता मोड. जंतू मुळात दाण्यावरच असू शकतात. आपण दाणे भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवतो. मोडाला लागते ती ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, रात्रीत त्यांची संख्या खूप वाढते. दाण्याच्या भेगेत शिरलेले जंतू नंतर धुऊन निघत नाहीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलाय पसरला. हजारो आजारी पडले, पन्नासहून जास्त माणसं दगावली.

मोड सोडायचे नाहीत, शिजवायचे. उसळ तर उत्तमच. कोशिंबीर करायची असेल, तर मोड उकळत्या पाण्यात टाका. पाणी पुन्हा खळखळू लागल्यावर पाच मिनिटं ठेवून निथळा. मग कांदा, लिंबू, कोथिंबीर घाला. लगेच खा. फडकं दर वेळी साबणानं धुऊन उन्हात वाळवा. मोड बुळबुळीत झाले, आंबूस वास आला, तर टाकून द्या. मात्र वास नाही म्हणजे जंतू नाहीत, असं समजू नका.

गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस यांना कच्चं अंडं, कच्चे मोड देऊच नका. जुलाब लागले तर जलसंजीवनी पाजा. शौचात रक्त दिसलं, ताप चढला किंवा लघवी कमी झाली, तर घरी थांबू नका, आरोग्य केंद्रात न्या.

त्या ताईंचा मुलगा आता उकडलेली अंडी आणि उसळ खाऊनच धावतो.