दूरध्वनीवरील दुभाष्याचा व्यवसाय

(पिंपळी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी अनेक तरुण घरबसल्या दुभाष्याचे काम मिळेल काय, असे मला विचारीत असतात. गेली काही वर्षे मी हे काम करीत आहे, म्हणून त्यातील खरा हिशेब आपणापुढे मांडतो.

दूरध्वनीवरून दुभाष्या पुरविण्याची सेवा ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९७३ साली सुरू केली. अमेरिकेत सरकारी साहाय्य घेणाऱ्या इस्पितळांवर इंग्रजी न समजणाऱ्या रुग्णास विनामूल्य भाषासाहाय्य देण्याचे कायदेशीर बंधन आहे. मुलाकडे राहावयास गेलेली आपली एखादी आजी तेथील इस्पितळात गेली, की डॉक्टर दुभाषी पुरविणाऱ्या कंपनीस फोन लावतो, आणि संगणकावर 'उपलब्ध' अशी खूण करून बसलेल्या मराठी दुभाष्याकडे तो फोन जोडला जातो.

प्रत्यक्ष संभाषणे बाहेर सांगणे या व्यवसायात वर्ज्य आहे, म्हणून उदाहरण कल्पित घेतो. आजी म्हणतात, "परवापासनं घाबरल्यासारखं होतंय." कच्चा दुभाष्या 'त्यांना भीती वाटते' असे इंग्रजीत सांगून मोकळा होईल, आणि डॉक्टर मनोविकाराच्या दिशेने जाईल. जाणता दुभाष्या प्रथम डॉक्टरास कळवितो की, एका शब्दाचा खुलासा दुभाष्यास हवा आहे, मग आजींना विचारतो, "घाबरल्यासारखं म्हणजे नेमकं काय होतं? आणि परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वी की त्याआधी?" आजी सांगतात, "छातीत धडधडतं, घाम फुटतो. चार दिवस झाले." आता डॉक्टर मधुमेहाच्या औषधाकडे वळतो, कारण रक्तातील साखर उतरली तरी असेच होते. आजी 'दीड गोळी' म्हणाल्या, तर दीडच सांगावयाची. आकडा ऐकताच कागदावर टिपावयाचा. 'त्या म्हणतात' असे न म्हणता 'मला धडधडते' असे प्रथमपुरुषी बोलावयाचे. आपला सल्ला मात्र एका शब्दानेही द्यावयाचा नाही. आपल्या लोकांना हेच सर्वांत जड जाते. आजीला धीर द्यावासा वाटतोच!

पात्रतेविषयी थोडक्यात सांगतो. कंपनी प्रथम फोनवरच दोन्ही भाषांची परीक्षा घेते आणि असाच एखादा प्रसंग वठवून पाहते. वैद्यकीय कामासाठी बहुधा चाळीस तासांचे शिक्षण मागतात. अमेरिकेतील आरोग्य-दुभाष्यांच्या प्रमाणपत्र-मंडळाची पूर्ण तोंडी परीक्षा स्पॅनिश, अरबी व मँडरिन भाषांत आहे, मराठीत नाही. मराठी दुभाष्यास कोअर-सीएचआय ही इंग्रजीतील लेखी परीक्षा देता येते. काही इस्पितळे अमेरिकेत राहणाराच दुभाष्या मागतात, म्हणजे तेवढी कामे आपल्या वाट्यास येत नाहीत.

आता मोबदला. पुष्कळ ठिकाणी वेतन तासाचे नसून, जोडलेल्या संभाषणाच्या मिनिटाचे असते. वाट पाहण्याचे काही मिळत नाही. समजा, मिनिटास आठ रुपये ठरले आणि आपण सहा तास बसलात. मराठीचे तीन फोन आले, प्रत्येकी बारा मिनिटांचे. म्हणजे ३६ मिनिटांचे २८८ रुपये, तासाला ४८ पडले. त्याच सहा तासांत हिंदीची १२० मिनिटे वाढली, तर १,२४८ रुपये होतात आणि तासाला २०८ पडतात. मिनिटाचा दर तोच; फरक केवळ फोनांच्या संख्येचा. म्हणून केवळ मराठीच्या भरवशावर नोकरी सोडू नये, आणि हिंदी उत्तम असल्यास तिचीही परीक्षा द्यावी. परीक्षेवाचून 'येते' म्हणू नये. तेथे औषधाच्या मात्रेचा प्रश्न असतो.

वेळही लक्षात घ्या. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सायंकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. काम रात्रीचे आहे. पिंपळीत वीज गेली आणि फोन मध्येच तुटला, तर नुकसान रुग्णाचे होते, शिवाय आपल्या नावावर गैरहजेरीची नोंद पडते. तारेने जोडलेले इंटरनेट, वीज साठविणारे यंत्र, कानाचा चांगला संच आणि कडी लावता येईल अशी खोली, एवढे आधी हवे. मी पहिले दोन महिने ओसरीवर बसत असे. एका फोनात शेजारची म्हैस हंबरली आणि पलीकडील डॉक्टर बोलता बोलता थांबला. दुसऱ्याच दिवशी मी कोठीची खोली रिकामी केली.

करार करताना मिनिटे कोणत्या क्षणापासून मोजतात, अपुऱ्या मिनिटाचे काय करतात, फोन पलीकडून तुटल्यास किती मिळते आणि पैसे बँकेत येताना किती कापले जातात, हे लेखी विचारावे. नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्याकडे मुळीच जाऊ नये. ज्यांना करार वाचून हवा असेल, त्यांनी भोजनानंतर मजकडे यावे. मी सायंकाळच्या एस.टी.पर्यंत येथेच आहे.