हौदातलं पाणी ऊन पितं की भिंत?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गटाच्या रोपवाटिकेतल्या उघड्या हौदाचं पाणी रोज बोटभर उतरायला लागलं. पाणी टँकरचं, विकतचं. कुणी म्हणे ऊन पितंय, कुणी म्हणे हौद गळतोय. शेवटी संशय आला तो शेजारी राहणाऱ्या वहिनींवर, रात्री गुरांना पाजतात म्हणून. त्यांनी बैठकीला येणंच सोडलं.

मग आम्ही बादली ठेवून बघितलं. बादली न गळणारी हवी, आणि काळी नको, ती जास्त तापते. हौदात विटा रचून तिच्यावर बादली अशी ठेवायची की काठ पाण्याच्या चार बोटं वर राहील. हलू नये म्हणून तळाशी दगड. मग बादलीत हौदाचंच पाणी भरायचं, आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत येईपर्यंत. बादलीच्या आत एक खूण, हौदाच्या भिंतीवर एक खूण. चोवीस तास पाणी भरायचं नाही, काढायचं नाही. पाऊस आला किंवा जनावरानं तोंड घातलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

यातली गंमत अशी, की बादली आणि हौद दोघांना ऊन-वारा सारखाच. म्हणजे वाफ होऊन जाणारं पाणीही जवळपास सारखंच उतरणार. हौदाचं जास्त उतरलं, तर तेवढं दुसरीकडे जातंय. एखाद्या मिलिमीटरचा फरक मात्र मोजण्यातलाच धरायचा.

आमच्या बादलीत ८ मिलिमीटर उतरलं, हौदात २०. फरक १२ चा. हौद तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे सहा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. सहा गुणिले बारा, रोजचे ७२ लिटर! पंधरा लिटरचे जवळजवळ पाच हंडे.

पण हे पाणी भिंत पितेय की कुणी नेतंय, ते बादली सांगत नाही. म्हणून रोपांना पाणी देता देता हौद अर्ध्यावर आला, तेव्हा विटा कमी करून पुन्हा बादली ठेवली. या वेळी दोन्हीकडे आठच. पाणी कुणी नेत असतं, तर अर्ध्या हौदातूनही नेलं असतं. म्हणजे गळती वरच्या अर्ध्या भागात होती. तिथे शोधलं, तर पाणी आत येणारा पाइप भिंतीतून जातो त्याच्याभोवती केसाएवढी चीर. बाहेरून मातीचा भराव, म्हणून ओल दिसलीच नव्हती.

गवंड्यानं पाइपाभोवतीचं खरवडून नव्यानं सिमेंट भरलं. आठवडाभर ते ओलं ठेवलं, मग हौद भरून तिसऱ्यांदा बादली ठेवली. त्या दिवशी पट्टी आम्ही वहिनींच्या हातात दिली. त्यांनी आधी बादलीत बघितलं, मग भिंतीवर. दोन्हीकडे नऊ.