फोटोत न दिसणारे नियम



काटेवाडीत डेटाबेसवर बोलायचे आणि उदाहरण मात्र परदेशातल्या पुस्तकातल्या 'सप्लायर आणि पार्ट्स'चे घ्यायचे, हे मला जमणार नाही. इथून जवळच भवानीनगरला साखर कारखाना आहे, आणि या शिवारातल्या निम्म्या घरांना ऊस नोंदीचा कागद कसा असतो ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. म्हणून आजच्या भाषणात एकच तक्ता घेतो. तो सरावासाठी तयार केलेला आहे, कोणत्याही कारखान्याचा नाही. सभासदांची नावे म्हणूनच 'क' आणि 'ख' एवढीच ठेवली आहेत. मात्र त्याचा मोबाईलवर फोटो काढला आहे, कारण हल्ली आपल्या प्रश्नपत्रिकांत तक्ता असाच येतो: "सोबतच्या फोटोतील तक्ता थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत न्या आणि प्रत्येक टप्प्यावर कोणती डिपेन्डन्सी काढली ते लिहा."

फोटोत हे दिसते:

| नोंद क्र. | तारीख | सभासद | नाव | गाव | तालुका | गट नंबर, जात, पक्वता, क्षेत्र (आर) | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ५०१ | २० जुलै | १७ | क | काटेवाडी | बारामती | ११२, को ८६०३२, मध्यम-उशिरा, ४०, ११८, को.एम. ०२६५, मध्यम-उशिरा, ३० | ७० |
| ५०२ | २२ जुलै | २३ | ख | सणसर | इंदापूर | ४०, को.सी. ६७१, लवकर, ५० | ५० |
| ५०३ | २५ जुलै | २३ | 〃 | 〃 | 〃 | ४६, को ८६०३२, मध्यम-उशिरा, २५ | २५ |

तारखा आडसालीच्या आहेत. तोडणीचा कार्यक्रम लागणीची तारीख आणि जातीची पक्वता बघून लागतो, त्यामुळे या दोन रकान्यांतली चूक कागदावर राहत नाही, ती थेट फडात जाते.

आधी तिसऱ्या ओळीतल्या 〃 या खुणांकडे बघा. वहीत त्या सोयीच्या असतात, पण त्यांचा अर्थ वरच्या ओळीवर टांगलेला असतो. रिलेशनमध्ये ओळींना क्रम नसतो. हाच तक्ता कोणी तालुक्यानुसार सॉर्ट केला की ५०३ नंबरची नोंद भलत्याच माणसाच्या नावावर जाते. म्हणून फोटो उतरवताना पहिले काम म्हणजे प्रत्येक खुणेच्या जागी खरी किंमत लिहिणे. कोरा चौकोन दिसला तर मात्र तसे करू नका. कोरा म्हणजे 'वरीलप्रमाणे' की 'माहीत नाही', हे फोटो सांगत नाही. ज्याने वही लिहिली त्यालाच विचारावे लागते.

आता पहिला टप्पा. गट नंबर, जात, पक्वता आणि क्षेत्र हा चौकडा एका चौकोनात दोनदा आला आहे. तो आपण मोकळा करतो, प्रत्येक प्लॉटची वेगळी ओळ करतो, आणि तीन ओळींच्या चार ओळी होतात. झाला फर्स्ट नॉर्मल फॉर्म. इथे कोणती डिपेन्डन्सी काढली? माझे स्पष्ट मत आहे की कोणतीच नाही. काढला तो रिपीटिंग ग्रुप. उलट डेटाची पुनरुक्ती वाढली, कारण 'क' आणि 'काटेवाडी' आता दोनदा लिहावे लागले. "प्रत्येक टप्प्यावर डिपेन्डन्सी लिहा" असा प्रश्न आला की विद्यार्थी या टप्प्यालाही कसलीतरी डिपेन्डन्सी चिकटवतात, आणि पेपर तपासणारे कधी कधी तिला मार्कही देतात. ते थांबवायला हवे.

दुसऱ्या टप्प्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. या चार ओळींची प्रायमरी की कोणती? फोटोत बघितले तर नोंद क्रमांक आणि गट नंबर ही जोडी पुरेशी वाटते, एकदाही पुन्हा आलेली नाही. पण फोटोत तर क्षेत्राचा आकडाही पुन्हा आलेला नाही! ४० आर म्हटले की गट ११२ आणि ५० आर म्हटले की गट ४०, असे या चार ओळींपुरते खरेच आहे. म्हणून क्षेत्रावरून गट ठरतो असे आपण म्हणतो का? ई. एफ. कॉड यांनी आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दुसरा व तिसरा नॉर्मल फॉर्म सांगितला. त्या मांडणीत डिपेन्डन्सी हा आज तक्त्यात असलेल्या ओळींचा योगायोग नसतो. उद्या येणाऱ्या प्रत्येक ओळीनेही पाळायचा तो नियम असतो. फोटो एखादा नियम खोटा ठरवू शकतो, पण खरा ठरवू शकत नाही.

तेव्हा नियम विचारायचा कोणाला? शेतकी खात्यात नोंदी घेणाऱ्याला. एकाच नोंदीत, एकाच गटात, दोन जाती येऊ शकतात का? इथला कोणताही शेतकरी सांगेल की येऊ शकतात. ११२ नंबरच्या गटात वरच्या बाजूला ८६०३२ आणि ओढ्याकडे ०२६५, यात नवल काही नाही. म्हणजे प्रायमरी की तिघांची झाली: नोंद क्रमांक, गट नंबर आणि जात. त्या तिघांवरून क्षेत्र ठरते. जी दोघांची की फोटोवरून बरी वाटली होती ती ठेवली असती, तर ऑपरेटरला दुसरी जात टाकताच आली नसती. मग तो काय करतो? 'गट ११२अ' असा नसलेला गट टाकून वेळ मारून नेतो, आणि पुढे सातबाऱ्याशी मेळ घालताना तो गट कुठेच सापडत नाही.

आता दुसरा टप्पा: कीच्या एका भागावरच अवलंबून असणारे रकाने शोधायचे. इथे दोन पार्शियल डिपेन्डन्सी आहेत. तारीख, सभासद, नाव, गाव, तालुका आणि एकूण हे सगळे एकट्या नोंद क्रमांकावरून ठरतात, कारण एक नोंद एकाच सभासदाची आणि एकाच गावची असा नियम आपल्याला शेतकी खात्याने सांगितला आहे. आणि पक्वता एकट्या जातीवरून ठरते. ८६०३२ काटेवाडीत लावला म्हणून लवकर पक्व होत नाही. तेव्हा तीन तक्ते होतात: नोंद, जात आणि प्लॉट.

गंमत बघा: की दोघांची धरली असती तर हीच पक्वता पार्शियल राहिली नसती. नोंद आणि गटावरून जात, जातीवरून पक्वता, अशी ती ट्रान्झिटिव्ह झाली असती आणि तिसऱ्या टप्प्यात निघाली असती. शेवटी जातीचा वेगळा तक्ता दोन्ही वाटांनी होतोच, पण डिपेन्डन्सीचे नाव बदलते. म्हणून वर्गात एका मुलाने 'पार्शियल' लिहिले आणि दुसऱ्याने 'ट्रान्झिटिव्ह', तर प्रत्येकाने की कोणती मानली ते आधी बघा. कीशी सुसंगत असेल तर नावापुरते दोघेही बरोबर.

तिसरा टप्पा नोंदीच्या तक्त्यात आहे. नोंद क्रमांकावरून सभासद कळतो आणि सभासदावरून नाव. नोंद क्रमांकावरून गाव कळते आणि गावावरून तालुका. या दोन ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी. सभासद आणि गाव असे दोन तक्ते वेगळे काढायचे, नोंदीत त्यांच्या जागी फक्त सभासद क्रमांक आणि गाव ठेवायचे. गावाच्या तक्त्यात नाव हीच की ठेवू नका, गावाला कोड द्या. पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे आणि बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर. घाईत दोन्हीकडे नुसते 'वडगाव' लिहिले जाते.

या टप्प्यातला मोठा खड्डा मात्र वेगळाच आहे. फोटोत १७ नंबरचा सभासद काटेवाडीचा दिसतो आणि २३ नंबरचा दोन्ही वेळा सणसरचा. मग गावही सभासदावरूनच ठरते असे वाटते, आणि हुशार विद्यार्थी गाव उचलून सभासदाच्या तक्त्यात ठेवतो. पण इथे तालुक्याची शीव जवळ आहे. एका घराची जमीन काटेवाडीतही असते आणि सणसरलाही. नोंदीतले गाव हे जमिनीचे गाव आहे, माणसाचे नव्हे. ते सभासदाकडे गेले की त्याचा सणसरचा गट ४० काटेवाडीच्या शिवारात शोधला जातो, आणि गट ४० काटेवाडीतही असू शकतो! तोडणीची टोळी चुकीच्या बांधावर उभी राहते.

खरा डेटा हाताशी असेल तर अशी शंका एका प्रश्नाने तपासता येते:

```sql
SELECT sabhasad_kr
FROM nond
GROUP BY sabhasad_kr
HAVING COUNT(DISTINCT gaon) > 1;
```

एक जरी ओळ आली तर 'सभासदावरून गाव' हा नियम मोडला. मात्र त्या ओळी डोळ्यांनी बघा, कारण एकदा 'सणसर' आणि एकदा 'सणसर्' टाइप झाले असले तरी ओळ येते. काहीच आले नाही तर नियम खरा ठरला असे नाही, फक्त अजून मोडलेला नाही. शिवाय `COUNT(DISTINCT ...)` रिकाम्या म्हणजे `NULL` किमती मोजतच नाही, त्यामुळे ते कोरे चौकोन इथून गुपचूप निसटतात.

शेवटी पाच तक्ते झाले: चार ओळींचा प्लॉट, तीन ओळींची नोंद, दोन सभासद, दोन गावे, तीन जाती. उत्तर तपासायचे तर ते पुन्हा जोडून बघा. बरोबर चारच ओळी यायला हव्यात. कोणी प्लॉटचा तक्ता फोडून 'नोंद-गट' आणि 'नोंद-जात' असे दोन केले, तर ५०१ च्या दोन ओळींच्या जोडताना चार होतात आणि एकूण सहा ओळी येतात. त्यातल्या दोन नोंदी कोणी केलेल्याच नाहीत: ११२ मध्ये ०२६५ आणि ११८ मध्ये ८६०३२.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. फोटो द्या, पण त्याखाली नियमही छापा: एक नोंद एका सभासदाची, एक नोंद एका गावची, एका गटात अनेक जाती चालतील, सभासदाची जमीन अनेक गावांत असू शकेल. एवढ्या ओळींशिवाय त्या प्रश्नाला एकच उत्तर नसते, आणि मार्क मात्र एकाच उत्तराला मिळतात.

राहता राहिला 'एकूण' हा रकाना. तो नोंदीच्या तक्त्यात बसला आहे, नोंद क्रमांकावरच पूर्ण अवलंबून आहे आणि थर्ड नॉर्मल फॉर्मला त्याबद्दल काहीही तक्रार नाही. तरी ११८ च्या ३० आरचे उद्या २५ केले की नोंदीत ७० तसेच राहतात, कारण ही बेरीज दुसऱ्या तक्त्यातल्या ओळींची आहे आणि असे नाते डिपेन्डन्सीच्या भाषेत मांडताच येत नाही. तो रकाना आपण आपल्या निर्णयाने काढायचा आणि लागेल तेव्हा प्लॉटच्या तक्त्यातून बेरीज करून घ्यायची. विद्यार्थ्याने तो काढला आणि समोर 'ट्रान्झिटिव्ह' लिहिले, तर रकान्याचे मार्क द्या, नावाचे कापा.